मित्र नापास झाला आणि मी जोक मारला. आता काय करू?

अंबडचा_हार्डवेअरवाला | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचक आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

माझा एक मित्र आहे, त्याला इथे बंड्या म्हणू. आठवीपासूनची दोस्ती. तो पंचवटीत राहतो, मी सिडकोत, अंबडला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. बंड्या सीए फायनलचा पहिला ग्रुप देत होता, तिसऱ्यांदा. निकाल लागला त्या संध्याकाळी त्याने मला मार्कांचा स्क्रीनशॉट पाठवला. फायनान्शियल रिपोर्टिंग ६१, एएफएम ५६, ऑडिट ३८. प्रत्येक पेपरात ४० लागतात आणि तिन्ही मिळून १५०. बेरीज १५५ झाली, पण ऑडिटने घात केला. दोन मार्क.

आमच्यात एकमेकांची उडवल्याशिवाय दिवस जात नाही. माझं जमलेलं लग्न मोडलं तेव्हा यानेच मला 'रिटर्न पॉलिसी वाचली होतीस का' असं विचारलं होतं आणि मी पोट धरून हसलो होतो. त्याच हिशोबाने मी आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं, 'दोन मार्क राइट-ऑफ करून टाक की रे, एवढा सीए तू!' बंड्याचं उत्तर आलं, 'हाहाहा' आणि पुढे तीन हसरे चेहरे.

त्याला आज अकरा दिवस झाले. फोन उचलत नाही. मेसेज वाचतो, उत्तर नाही. दुसऱ्या एका मित्राशी मात्र बोलतोय, म्हणजे ठीक आहे एवढं कळलंय.

तर प्रश्न असा, की अशा वेळी मित्राला हसवायचं की गप त्याच्या शेजारी बसायचं, हे ओळखायचं कसं? माझ्या मते मी नेहमीसारखाच वागलो.

मिरची_भजी | सोमवार, रात्री ९:५२

जोक मात्र चांगला होता. (पळतो.)

सातपूरचा_पप्पू | सोमवार, रात्री १०:१५

मालक, उगाच मनाला लावून घेऊ नका. मी एमपीएससीच्या सहा पूर्व परीक्षा दिल्या, त्यातल्या चार पडलो. कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत मला सगळे 'माजी तहसीलदार' म्हणायचे. चहावाला पण. या मस्करीनेच मी तगलो. घरी गेलं की आई तोंड पाडून बसलेली, मावशीचा फोन, 'अरेरे, पुन्हा नाही का झालं?' ती सहानुभूती इतकी जड होती की जिना चढवत नव्हता. अभ्यासिकेत आलो की पोरं म्हणायची, 'साहेब, गाडी लावायला जागा आहे का?' आणि मी पुन्हा माणसात यायचो.

माझं स्पष्ट मत आहे, मित्राने मित्राची उडवलीच पाहिजे. उडवणं बंद झालं की समजायचं आपल्याला बिचारा ठरवून टाकलंय. बंड्या येईल परत.

सिन्नर_फाटा_काका | सोमवार, रात्री १०:३१

धागाकर्ते, आपल्या मित्राला सांगा की दोन मार्कांसाठी पेपर पुनर्तपासणीला टाकावा. आमच्या काळी बोर्डात माझ्या चुलत भावाचे अकरा मार्क वाढले होते. नोकरी गेलेल्यांसाठीही सांगून ठेवतो, ईएसआय कापला जात असेल तर बेरोजगारी भत्त्याची योजना आहे, चौकशी करावी. पीएफ लगेच काढू नये.

आकडेमोड | सोमवार, रात्री ११:०५

काका, सीएच्या परीक्षेत बोर्डासारखं पुनर्मूल्यांकन नसतं. 'व्हेरिफिकेशन' असतं, त्यात एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का आणि बेरीज बरोबर आहे का एवढंच बघतात. लिहिलेल्या उत्तराला परत मार्क देत नाहीत. उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. हे बंड्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्यामुळे 'टाकून बघ की' असं सांगणारा अठरावा माणूस कोणी होऊ नका, प्लीज.

मी स्वतः दुसरा ग्रुप चौथ्यांदा काढला, म्हणून आतली गोष्ट सांगतो. २५ मार्क पडले की माणूस म्हणतो, अभ्यासच नव्हता झाला. ३८ पडले की रात्रभर त्याच पेपरात बसतो. ती केस स्टडी, ज्यात आपण शेवटच्या क्षणी उत्तर खोडून दुसरं लिहिलं. ते पान डोळ्यांपुढून हलत नाही. आणि ऑडिटच्या पेपरात तर अर्धा खेळ शब्दांचा असतो, आकड्यासारखं 'बरोबर की चूक' असं स्वतःला पटवताही येत नाही. तुमचा जोक नेमका त्या दोन मार्कांवर होता. तो बाकी कशावरही असता, त्याच्या अक्षरावर, परीक्षा केंद्रावर, परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयवर, तर कदाचित चालून गेला असता.

एक बरं आहे. ६१ आहेत म्हणजे त्या पेपरात एक्झम्प्शन मिळालं. पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पेपर द्यावा लागणार नाही. पण हे सांत्वन म्हणून पहिल्या आठवड्यात सांगू नका. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं आणि मी ताटावरून उठलो होतो.

निवांत_शब्द | मंगळवार, सकाळी ७:२०

मी नाशिकरोडला एका महाविद्यालयात समुपदेशक आहे. निकालाचे आठवडे आमचा सीझन असतो, वाईट अर्थाने.

धागाकर्ते, तुम्हाला एकच विचारते. बंड्या एरवी तुमच्या जोकवर काय लिहितो?

अंबडचा_हार्डवेअरवाला | मंगळवार, सकाळी ८:०२

एरवी? शिवी. नाहीतर माझ्या दुकानावर काहीतरी. मागे मी त्याच्या टकलावर बोललो तेव्हा म्हणाला, 'तुझ्या दुकानातला खिळा तरी सरळ आहे का, आधी ते बघ.'

ओह.

निवांत_शब्द | मंगळवार, सकाळी ८:१९

हो, तेच.

तुमच्या दोघांतली मस्करी म्हणजे बॅडमिंटन आहे. फूल इकडून गेलं की तिकडून आलंच पाहिजे. त्या दिवशी ते परत आलं नाही. त्याने खाली पडलेलं फूल उचललं आणि नम्रपणे तुमच्या हातात दिलं. 'हाहाहा'. जो माणूस एरवी शिवी घालतो तो सभ्य झाला, की थांबायचं. हसण्यावर जाऊ नका, हसणं फार स्वस्त असतं. उलटा टोला आला का, एवढंच बघा.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट बघते, पहिला जोक कोणी केला. ज्याचं गेलंय त्याने स्वतः केला तर दार त्याने उघडलंय. तरी आत शिरायचं ते चप्पल काढून. म्हणजे त्याने जेवढा केला तेवढाच, त्याच विषयावर, एक पायरीही वर न चढता.

पप्पूंना एक प्रश्न. 'माजी तहसीलदार' हे पहिल्यांदा कोणी आणि कधी म्हटलं? निकालाच्याच दिवशी?

सातपूरचा_पप्पू | मंगळवार, दुपारी १:४०

ताई, तुम्ही अडकवलंत मला. जेवताना आठवत बसलो होतो.

पहिल्यांदा पडलो त्या संध्याकाळी कोणी काहीच बोललं नव्हतं. रूममेटने गाडी काढली, मला मागे बसवलं आणि गंगापूर धरणाकडे घेऊन गेला. वाटेत मक्याची कणसं घेतली. भिंतीकडे बघत आम्ही ती खाल्ली. तो मध्येच एवढंच म्हणाला, 'लिंबू कमी आहे.' परत आलो. झोपलो.

'माजी तहसीलदार' त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. आणि खरं सांगायचं तर ते मीच म्हटलं होतं. अभ्यासिकेची फी भरताना रजिस्टरमध्ये 'व्यवसाय' असा रकाना होता, तिथे मी लिहिलं. मग पोरांनी उचलून धरलं.

कणसाचं मी विसरूनच गेलो होतो. लक्षात फक्त जोक राहिले.

मिरची_भजी | मंगळवार, दुपारी १:५५

पप्पूशेठ, सहावी तरी निघाली का?

सातपूरचा_पप्पू | मंगळवार, दुपारी २:०१

निघाली. मुख्यमध्ये गेली. आता काकांची पिठाची गिरणी बघतो. हा उलटा टोला समजावा.

डोंगरयात्री | मंगळवार, दुपारी ४:१०

यावर संशोधनही झालंय. २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सँडी चक्रीवादळ आलं होतं. कोलोरॅडो विद्यापीठातल्या पीटर मॅकग्रॉ यांनी त्या वादळावरचे विनोदी ट्वीट लोकांना वेगवेगळ्या दिवशी वाचायला दिले. वादळ आदळल्यानंतर सुरुवातीला ते कोणाला फारसे रुचले नाहीत. मग चढत चढत ३६ व्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात जास्त हसू आलं, पुढे पुन्हा उतरलं. म्हणजे शिळा झाला. त्यामुळे धागाकर्त्यांनी अजून २४ दिवस थांबावं, असा माझा शास्त्रीय सल्ला.

मिरची_भजी | मंगळवार, दुपारी ४:१८

कॅलेंडरवर खूण करतो. 'आज बंड्याची उडवणे. मुहूर्त उत्तम.'

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ४:४४

@डोंगरयात्री, ते ट्वीट वाचणाऱ्यांचं घर पाण्यात गेलं होतं का? नाही ना? लांबून बघणाऱ्यांना कधी हसू येतं, एवढंच त्यातून कळतं. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याचं घड्याळ वेगळं चालतं. माझे चौथ्या प्रयत्नाआधीचे सहा महिने म्हणजे एकच दिवस होता.

डोंगरयात्री | मंगळवार, दुपारी ५:०२

मान्य. पण दोन टोकं तरी खरी वाटतात, अगदी ताज्यावर नको आणि फार शिळ्यावरही नको. माझा एक मित्र अजून माझ्या बारावीच्या गणितावर जोक करतो. मला आता दुःख होत नाही, जांभई येते.

अनघा_इंदिरानगर | मंगळवार, रात्री ८:३०

मोठा प्रतिसाद आहे, माफ करा. माझी परीक्षा नव्हती, नोकरी गेली होती. दोन वर्षं झाली.

अंबडच्या एका कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीला होते. गाड्यांचे सुटे भाग, व्हर्नियर हातात घेऊन दिवसभर उभं राहायचं काम. शुक्रवारी चार वाजता एचआरमध्ये बोलावलं आणि राजीनामा लिहून द्या म्हणाले. काढलं असं कागदावर येत नाही ना मग. मी लिहिला. डबा घेऊन गेटबाहेर आले. सव्वासहाला सिटी बसमध्ये मोबाइल वाजला, बघते तर लाइनच्या ग्रुपमधून मला काढलं होतं. अकरा वर्षांत त्या ग्रुपवर मी कमीत कमी शंभर वाढदिवसांचे केक टाकले असतील.

घरी सांगितलं. नवरा माणूस चांगला आहे, हे आधीच लिहिते. तो म्हणाला, 'चला, आता रोज गरम पोळ्या मिळणार.' मला हसवायला म्हणाला, हे मला त्याही क्षणी कळत होतं. तरी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. कारण त्या वाक्यात माझी अकरा वर्षं एका पोळपाटावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गल्लीतली मैत्रीण आली, हातात मेथीच्या दोन जुड्या. 'एकटीला निवडायचा कंटाळा आलाय' म्हणाली. खाली पेपर पसरला, दोघी बसलो. तासभर ती तिच्या सासूच्या मोतिबिंदूबद्दल बोलत होती. नोकरीचा विषयच नाही. मेथी निवडताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. अर्धी जुडी झाल्यावर मीच सुरू केलं आणि मग थांबलेच नाही. ती मध्ये फक्त 'शुक्रवारीच का गं?' आणि 'मग तू काय म्हणालीस?' असं विचारत होती. 'जे होतं ते चांगल्यासाठी' एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी तिला मेथीसकट परत पाठवलं असतं.

शेवटी माझं लक्ष खुंटीवरच्या आयकार्डच्या दोरीकडे गेलं. कार्ड जमा करून घेतलं होतं, दोरी माझ्याकडेच राहिली. मी म्हटलं, 'अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी. याला कपाटाच्या चाव्या लावते.' तेव्हा ती हसली. आधी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि मग हसली. तो एक क्षण मला आजही आठवतो.

(ग्रॅच्युइटी मिळाली नंतर. काका, काळजी नसावी.)

जाताना ती म्हणाली, 'बायोडाटा माझ्या मुलीला व्हॉट्सअ‍ॅप कर, ती टाइप करून देईल.' मदत अशी न विचारता, येता जाता झाली.

आता धागाकर्त्यांना एक विचारायचंय. स्क्रीनशॉट बंड्याने तुम्हाला एकट्याला पाठवला होता. तुम्ही जोक ग्रुपवर का टाकलात?

अंबडचा_हार्डवेअरवाला | मंगळवार, रात्री ९:११

आमचं सगळं ग्रुपवरच चालतं, म्हणून. खरंच विचार केला नाही. २३ जण आहेत त्यात.

सिन्नर_फाटा_काका | मंगळवार, रात्री ९:२५

अनघाताई, पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी बसतेच, ती कंपनीची मेहेरबानी नसते. राजीनामा दिला तरी मिळते. बरं केलंत घेतलीत.

मिरची_भजी | मंगळवार, रात्री ९:३१

काका म्हणजे या धाग्याची मेथी आहेत. विषय कुठलाही असो, आपलं निवडत बसतात.

निवांत_शब्द | मंगळवार, रात्री १०:०५

अनघाताईंच्या मैत्रिणीला मी आमच्या वर्गात शिकवायला बोलवेन.

त्यांनी लिहिलेल्या शेवटच्या गोष्टीवर एक आठवलं. न्यूयॉर्कमध्ये वकिलीची परीक्षा देणाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना महिनाभर रोज डायरी लिहायला सांगितली होती. आज आधार दिला का, आज आधार मिळाला का, असं दोघांनी वेगवेगळं लिहायचं. जोडीदार म्हणतोय मी दिला, पण परीक्षार्थीच्या ध्यानातही आलं नाही, अशा दिवसांचा फायदा जास्त दिसला. आधार घेतोय हे कळलं की माणसाला थोडं लहान झाल्यासारखं वाटतं. ते दिवस परीक्षेच्या आधीचे होते, निकालानंतरचे नव्हते, त्यामुळे जसंच्या तसं लावू नका. पण मेथीची जुडी मला त्यातलीच वाटली.

आता एक गंभीर गोष्ट. नापास झालेला किंवा नोकरी गेलेला माणूस स्वतःच खूप जोक करायला लागला तर तो सावरला असं धरून चालू नका. जोक कशावर आहे ते ऐका. पेपरवर, साहेबावर, नशिबावर असेल तर ठीक. स्वतःच्या असण्यावर असेल, 'मी नसतो तर घरचा खर्च तरी वाचला असता', 'आता गोदावरीच जवळ करतो', तर हसून पुढे जाऊ नका. 'मस्करीत म्हणालास की खरंच असं मनात येतं?' असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, ही भीती खोटी आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या कोणाला तरी सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्याच्या शेजारी बसून तुम्हीच लावून दिलात तरी चालतं.

डोंगरयात्री | बुधवार, सकाळी ६:५०

वरचं वाचून रात्री एका मित्राला फोन केला. तो असंच काहीतरी म्हणाला होता गेल्या आठवड्यात आणि मी हसलो होतो. ठीक आहे तो. झोपेतून उठवलं म्हणून शिव्या खाल्ल्या.

अंबडचा_हार्डवेअरवाला | बुधवार, सकाळी ११:३०

मेसेजचा मसुदा केलाय. बघा जरा.

'भावा सॉरी यार. मी आपली नेहमीसारखी मस्करी केली, तुला दुखवायचा हेतू नव्हता. मनाला लावून घेऊ नको. तू हुशार आहेस, पुढच्या वेळी नक्की निघेल. फोन कर.'

आकडेमोड | बुधवार, सकाळी ११:४८

'पुढच्या वेळी नक्की' काढा. हे त्याने आधी दोनदा ऐकलंय. आणि 'हुशार आहेस' म्हणालात की तो मनात म्हणणार, मग मी ३८ वर कसा?

अनघा_इंदिरानगर | बुधवार, दुपारी १२:१५

'मनाला लावून घेऊ नको' पण काढा. माफी मागायची आणि शेवटी चूक त्याच्या मनाची, असं होतं ते. 'हेतू नव्हता' हे तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. आणि 'फोन कर' म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम. काम तुम्ही घ्या.

मिरची_भजी | बुधवार, दुपारी १२:२०

आता 'भावा' एवढंच उरलंय.

सातपूरचा_पप्पू | बुधवार, दुपारी १२:४१

मिसळ खायला बोलवा राव. नाशिकमध्ये राहून इतका विचार कशाला? आणि तिखट रस्सा असला की डोळ्यांतून पाणी आलं तरी कोणी कारण विचारत नाही.

निवांत_शब्द | बुधवार, दुपारी १:३०

पप्पूंचं हे मी चेष्टेवारी नेणार नाही. फक्त समोरासमोर टेबलावर बसवू नका पहिल्याच दिवशी. शेजारी उभं राहता येईल असं काही बघा. आणि 'नाही' म्हणायची सोय ठेवा.

अंबडचा_हार्डवेअरवाला | बुधवार, दुपारी ३:०५

हा पाठवला.

'ऑडिटवर ग्रुपमध्ये बोललो ते चुकलं माझं. उत्तर देऊ नकोस. उद्या सात वाजता निमाणीजवळच्या आपल्या चहावर आहे. आलास तर बरं वाटेल, नाही आलास तर चहा पिऊन जाईन.'

दोन निळ्या खुणा आल्यात. बाकी काही नाही.

अंबडचा_हार्डवेअरवाला | गुरुवार, रात्री ११:२०

आला होता.

पावणेआठपर्यंत नव्हता. माझे तीन चहा झाले. मग स्कूटरवर आला, पुढे दुधाची पिशवी लटकवलेली, म्हणजे दूध आणायला म्हणून घराबाहेर पडलेला. स्कूटरवरून उतरला नाही. मीच जाऊन शेजारी उभा राहिलो. दहा-एक मिनिटं आम्ही समोर एक माणूस रिक्षाचं पंक्चर काढत होता ते बघत होतो.

मग तो म्हणाला, 'घरी सांगितलं नव्हतं मी.'

त्याने घरी सांगितलं होतं की निकाल लांबलाय. स्वतःला चार दिवस घेऊन, आईची शुगर नीट असताना सांगणार होता. शाळेच्या ग्रुपमध्ये त्याचा मावसभाऊ आहे, तोही आमच्याच वर्गातला, हे मला माहीत असून डोक्यातच आलं नाही. माझा जोक त्याने मावशीला दाखवला, मावशीने रात्री साडेनऊला बंड्याच्या आईला फोन लावला. आईला मुलाचा निकाल माझ्या जोकमधून कळला.

बंड्या म्हणाला, 'जोकचं काही नाही रे. एकट्याला पाठवला असतास तर शिवी घातली असती.'

मला काय बोलावं सुचलं नाही. म्हणालो, 'काकूंना भेटायला येऊ?' तो म्हणाला, 'आत्ता नको.' मग दूध नासेल म्हणून गेला.

अनघा_इंदिरानगर | गुरुवार, रात्री ११:४१

बाप रे. म्हणजे मी विचारलं ते इतकं खरं असेल असं वाटलं नव्हतं.

आकडेमोड | शुक्रवार, सकाळी ८:१०

घरी कधी आणि कसं सांगायचं, नापास झालेल्या माणसाच्या हातात तेवढंच उरलेलं असतं. मी एकदा सहा दिवस लपवलं होतं. बरोबर होतं की चूक, माहीत नाही. आजही घरात त्यावरून वाद होतो.

सातपूरचा_पप्पू | शुक्रवार, सकाळी ९:०३

माझं मत मात्र थोडं अडकलंय. बंड्याच म्हणतोय की एकट्याला चाललं असतं. म्हणजे जोक वाईट नव्हता, जागा वाईट होती. मग ताईंचं 'उलटा टोला' कुठे गेलं?

निवांत_शब्द | शुक्रवार, सकाळी ९:३५

टोला आला नाही कारण २३ जण बघत होते. तेवढ्या लोकांपुढे रडता येत नाही, चिडता येत नाही, हसरे चेहरेच टाकता येतात. पण पप्पू, काल चौदा दिवसांनी तो 'चाललं असतं' म्हणाला. त्या संध्याकाळी खरंच चाललं असतं का, हे मला सांगता येणार नाही. बहुधा त्यालाही नाही.

मिरची_भजी | शुक्रवार, सकाळी ९:५०

पहिल्या दिवशी मी 'जोक चांगला होता' लिहिलं होतं ते मागे घेतो. (पळत नाही, उभा आहे.)

अंबडचा_हार्डवेअरवाला | पुढचा बुधवार, सकाळी ७:२५

अपडेट. मधल्या दिवसांत काही केलं नाही. फक्त शनिवारी त्याच्याकडच्या गळक्या नळाचा वॉशर नेऊन बसवला, तेही त्याच्या वडिलांनी दुकानात फोन केला म्हणून. काकूंनी चहा दिला. निकालाचं कोणी काढलं नाही. काकू जराशा तुटक वाटल्या, ते माझ्या मनाचे खेळही असतील.

आज सकाळी ७:१० ला बंड्याचा मेसेज आला, एकट्याला. 'नळ अजून गळतोय. तुझ्या दुकानातला माल राइट-ऑफ करून टाक.'

सातपूरचा_पप्पू | बुधवार, सकाळी ७:३१

आला रे आला!

अनघा_इंदिरानगर | बुधवार, सकाळी ७:४४

उत्तर काय दिलंत? ग्रुपवर नाही ना दिलं?

अंबडचा_हार्डवेअरवाला | बुधवार, सकाळी ७:५०

'येतो संध्याकाळी पाना घेऊन' एवढंच.

सिन्नर_फाटा_काका | बुधवार, सकाळी ८:१५

वॉशर रबरी होता की नायलॉनचा? आणि उत्तरपत्रिकेची प्रत मागवली का त्याने? मुदत असते त्याला.